स्वाध्यायातल्या घराचे वीजबिल

प्रति,
विज्ञान विषय समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे,
आणि घरगुती विजेवर स्वाध्याय काढणारे राज्यातले सर्व विज्ञान शिक्षक



घरगुती विजेचा स्वाध्याय कुठल्याही शाळेचा घ्या, क्लासचा घ्या, गाइडमधला घ्या, त्यातले घर एकच असते. त्या घरात 150 वॉटचा फ्रिज रोज 24 तास चालतो, 2000 वॉटचा गिझर रोज 2 तास चालतो, दोन पंखे आणि चार दिवे असतात आणि युनिटला 6 रुपये दर असतो. महिन्याचे बिल काढा, असे विचारले जाते. त्याखाली ‘फ्यूज म्हणजे काय?’, ‘अर्थिंगचे कार्य लिहा’ हे दोन प्रश्न, आणि शेवटी 5 अँपिअरच्या परिपथावर 2 किलोवॅटची शेगडी लावली तर काय होईल, हे कोडे. सूत्रांत चूक काहीच नाही. वॉट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट, हे बरोबरच आहे. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, हेही बरोबर. माझी हरकत वेगळी आहे. हा स्वाध्याय मुलांना असे मानायला शिकवतो की वस्तूवर छापलेला आकडा म्हणजेच त्या वस्तूत प्रत्यक्ष घडणारी गोष्ट. गिझरवर 2000 वॉट लिहिले आहे, म्हणजे तो सतत 2000 वॉट खातो. फ्यूजवर 5 अँपिअर लिहिले आहे, म्हणजे 5 च्या वर गेले की तो वितळतो. घरात तिसरी पिन आहे, म्हणजे अर्थिंग आहे. बिलाच्या गणितात ही समजूत पैशांना चुकते. फ्यूज आणि अर्थिंगच्या प्रश्नांत तीच समजूत जिवाशी येते, आणि दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे, हे दाखवण्यासाठी हे पत्र.

आधी फ्रिज घेऊ. 150 गुणिले 24 गुणिले 30 भागिले हजार केले की महिन्याला 108 युनिट येतात. आता फ्रिजच्या दारावरचे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल वाचा. त्यावर वर्षाचा वापर युनिटमध्ये छापलेला असतो, आणि एका दाराच्या घरगुती फ्रिजसाठी तो वर्षाला 200 युनिटांच्या आसपास असणे अगदी सामान्य आहे. म्हणजे महिन्याला 17-18 युनिट. स्वाध्यायाचे उत्तर सहापट फुगलेले निघते. कारण उघड आहे: फ्रिजचा काँप्रेसर आतले तापमान ठरलेल्या पातळीवर आले की बंद होतो आणि गरज पडली की पुन्हा सुरू होतो. फ्रिज 24 तास लावलेला असतो, पण काँप्रेसर 24 तास चालत नाही, आणि चालताना तो घेतो ती शक्तीही सगळा वेळ 150 वॉट नसते. ‘लावलेला’ आणि ‘चालणारा’ यांतला हा फरक गुणाकारात हरवतो.

गिझरचे तर गणित दुसऱ्या बाजूनेही करता येते, आणि ते करण्याइतके ज्ञान त्याच वर्षीच्या उष्णतेच्या धड्याने मुलांना दिलेले असते. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.19 किलोज्यूल लागतात, म्हणून 15 गुणिले 35 गुणिले 4.19, म्हणजे जवळपास 2200 किलोज्यूल. 3600 ने भागले की 0.61 युनिट. टाकी एकदा पूर्ण तापवायला एवढेच लागते, आणि 2000 वॉटची कॉइल ते काम अठरा-एकोणीस मिनिटांत करून मोकळी होते; मग थर्मोस्टॅट तिला तोडतो. घरातल्या तिघांनी एकेक टाकी पाणी वापरले, टाकीच्या भिंतींतून जाणारी उष्णता थोडी वरून धरली, तरी दिवसाला 2 युनिट, महिन्याला 60. स्वाध्यायाप्रमाणे 120. बटण दोन तास चालू ठेवले म्हणून कॉइल दोन तास तापत नाही.

याच गिझरवर आणखी एक प्रश्न विचारता येतो, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. लेबलवर ‘2000 वॉट, 230 व्होल्ट’ असे जोडीने लिहिलेले असते, आणि त्यातला दुसरा आकडा मुले वाचतच नाहीत. तो अट सांगतो: 230 व्होल्ट मिळाले तर 2000 वॉट. फिडरच्या टोकाला असलेल्या गावात संध्याकाळी दाब 180 व्होल्टवर आला तर? कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो, म्हणून शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. 180 ला 230 ने भागून वर्ग केला की 0.61 येतात, म्हणजे कॉइल आता सव्वाबाराशे वॉटचीच राहिली. पाणी तापायला अठराऐवजी तीस मिनिटे लागतील. पण युनिट? ते 0.61 च. पाण्याला लागणारी उष्णता बदललेली नाही, थर्मोस्टॅट त्याच अंशावर तोडतो, फक्त वाट पाहावी लागते. ‘दाब कमी असला की बिल कमी येते’ की ‘जास्त येते’, यावर कट्ट्यावर होणारा वाद गिझरपुरता या एका गणितात मिटतो. पंख्याचे उत्तर वेगळे येईल, कारण पंखा अमुक काम संपवून थांबत नाही. दाब उतरला की तो हळू फिरतो आणि कमी खातो. एकाच घरातल्या दोन यंत्रांचे वागणे असे वेगवेगळे का, हे ज्याला सांगता आले त्याला शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक कळला, असे मी म्हणेन.

आता बिल. घर तेच ठेवू, आकडे खरे घेऊ. 9 वॉटचे चार एलईडी दिवे रोज 6 तास: महिन्याला साडेसहा युनिट. 75 वॉटचे दोन पंखे रोज 14 तास: 63 युनिट. फ्रिज 18, टीव्ही 10, गिझर 60, आणि इस्त्री, मिक्सर वगैरे मिळून साडेपाच. बेरीज 163. स्वाध्यायाच्या रीतीने, म्हणजे फ्रिजचे 108 आणि गिझरचे 120 धरून, हीच बेरीज 313 येते. हे उत्तर घरच्या बिलाशी ताडून पाहणाऱ्या मुलाचा एकतर मीटरवरचा विश्वास उडेल किंवा विज्ञानावरचा. बहुतेक मुले ताडून पाहत नाहीत, ही त्यातल्या त्यात आपली सोय.

163 युनिटांचे रुपये करतानाही ‘युनिटला 6 रुपये’ चालत नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवतो, आणि घरगुती दर टप्प्यांचे असतात: पहिले 100 युनिट, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, त्यापुढे. हिशेब सोपा राहावा म्हणून वीज आकार आणि वहन आकार एकत्र करून पहिल्या शंभराला 6 रुपये आणि पुढच्या टप्प्याला साडेअकरा रुपये धरतो. महावितरणच्या 2024-25 च्या दरांशी हे अगदी जवळचे आहे. पहिल्या शंभराचे 600, उरलेल्या 63 चे 724 रुपये 50 पैसे. सिंगल फेजचा स्थिर आकार सुमारे 130, मग तुम्ही एकही युनिट वापरा किंवा नका वापरू. बेरीज 1454 रुपये 50 पैसे. त्यावर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे 233. एकूण 1687 रुपये, आणि त्या महिन्याचा इंधन समायोजन आकार असेल तर तो वर. सपाट 6 रुपयांनी हेच बिल 978 आले असते.

या टप्प्यांबद्दल दोन गैरसमज घराघरांत आहेत आणि स्वाध्याय ते सहज दूर करू शकला असता. पहिला असा, की शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळेच युनिट महाग होतात. तसे होत नाही. 101 वे युनिट तेवढे महाग होते, आधीचे शंभर जुन्याच दराने राहतात. मीटर 99 वर आला म्हणून महिन्याच्या शेवटच्या दोन रात्री पंख्याविना काढणाऱ्याला यात वाचलेल्या युनिटांपलीकडे काही मिळत नाही. दुसरा गैरसमज सरासरीचा. 1687 भागिले 163 म्हणजे युनिटला दहा रुपये पस्तीस पैसे पडले, असे म्हणून वाचवलेल्या युनिटाची किंमतही तीच धरली जाते. पण वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून वाचते. त्याची किंमत साडेअकरा आणि वर 16 टक्के, म्हणजे 13 रुपये 34 पैसे. या घराने 75 वॉटचे दोन पंखे काढून 30 वॉटचे बीएलडीसी पंखे लावले तर महिन्याला जवळपास 38 युनिट वाचतात, म्हणजे पाचशे रुपयांच्या वर. सपाट दराने तोच विद्यार्थी सव्वादोनशे सांगेल आणि नवे पंखे परवडत नाहीत असा निष्कर्ष काढेल. गुणाकार बरोबर आणि निर्णय चूक.

उत्तर तपासायचे कसे, हा प्रश्न शाळा सहसा टाळते, आणि इथे तर तपासनीस दारातच टांगलेला असतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ `3200 imp/kWh` असे काहीसे छापलेले असते. अर्थ असा, की दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त 1000 वॉटची इस्त्री चालू ठेवली तर तासात 3200, म्हणजे मिनिटात त्रेपन्नच्या आसपास लुकलुक मोजता यायला हवी. फक्त 75 वॉटचा पंखा लावला तर मिनिटात चार. इस्त्री तापल्यावर ही लुकलुक अचानक थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. थर्मोस्टॅट शिकवायला याहून चांगले साधन मला सुचत नाही. कशालाही हात न लावता, काचेबाहेरून, घड्याळ घेऊन हे करता येते. आणि सगळे बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर तो सेट टॉप बॉक्स असेल, फोनचा चार्जर असेल, किंवा कुठेतरी गळती असेल. अनेक मीटरांवर ‘अर्थ’ किंवा ‘ई/एल’ अशी आणखी एक खूण असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही की ती पेटते. शेजारच्या मीटरचा न्यूट्रल चुकून जोडला गेला असेल तरी ती पेटते, म्हणून तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण वायरमनला बोलावायला ती खूण पुरेशी आहे. बिलाचा आणि सुरक्षेचा धडा एकाच डबीत भेटतात ते इथे.

सुरक्षेकडे वळताना आधी शेवटचे कोडे. 5 अँपिअरच्या परिपथावर 220 व्होल्टला 2 किलोवॅटची शेगडी: प्रवाह 9.09 अँपिअर, म्हणून फ्यूज वितळेल, असे आदर्श उत्तर. पण कधी वितळेल? चिनी मातीच्या जुन्या किटकॅट फ्यूजमधली तार तिच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट प्रवाहाला खात्रीने वितळते. 9 अँपिअर ती बराच वेळ सोसू शकते. त्या जागी आज एमसीबी असतो. त्याच्या मानकात अट अशी, की लिहिलेल्या प्रवाहाच्या 1.13 पट प्रवाह तासभर वाहिला तरी त्याने तोडता कामा नये, आणि 1.45 पट वाहिला तर तासाभराच्या आत तोडलेच पाहिजे. 6 अँपिअरच्या एमसीबीवर ही शेगडी दीडपट ठरते, म्हणजे ‘तासाभराच्या आत’. तेवढ्यात चहा होऊन जातो. ही ढिलाई दोष नाही. मोटार सुरू होताना काही क्षण कितीतरी जास्त प्रवाह ओढते. प्रत्येक वेळी वीज गेली असती तर लोकांनी फ्यूजच काढून ठेवले असते. फ्यूज आणि एमसीबी यांचे काम भिंतीतली तार वाचवण्याचे आहे. जास्त प्रवाहाने तार तापते, तिचे आवरण मऊ पडते, मग आग लागते. आणि तार तापायला वेळ लागतो, म्हणून फ्यूजलाही वेळ दिलेला असतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी वायरचे चार-पाच धागे पिळून घालणारा माणूस भिंतीतल्या तारेलाच फ्यूज करतो. ‘फ्यूज म्हणजे काय’ याच्या पाठ केलेल्या दोन ओळींत तारेचा उल्लेख नसेल तर त्याला हे कळणार कुठून?

आणि माणूस? ओल्या हातांनी, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर 230 व्होल्टला त्याच्यातून 0.23 अँपिअर जातात. काही सेकंद राहिला तर एवढा प्रवाह हृदय थांबवायला पुरतो. धोक्याची रेषा 30 मिलिअँपिअरच्या आसपास धरतात, आणि हा त्याच्या सातपटीहून जास्त झाला. पण 16 अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी 0.23 अँपिअर म्हणजे कुणीतरी पन्नास वॉटचा बल्ब लावला. तो हूं की चूं करणार नाही. ‘फ्यूजमुळे विजेच्या धक्क्यापासून संरक्षण होते’ हे वाक्य कुठल्याही उत्तरपत्रिकेत दिसले तर त्याला शून्य गुण द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

मग अर्थिंग वाचवते, असे म्हणाल. वाचवते, पण एका अटीवर, आणि ती अट ओहममध्ये आहे. फ्रिजच्या आत फेजची तार घासून पत्र्याला टेकली असे धरा. अर्थिंगची तार पत्र्याला जोडलेली आहे, ती अंगणातल्या खड्ड्यातल्या पाइपापर्यंत गेलेली आहे. प्रवाह पत्र्यातून तारेत, तारेतून मातीत आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जाऊन फेरा पूर्ण करतो. घरच्या अर्थिंगचा रोध 10 ओहम आणि ट्रान्सफॉर्मरकडचा 2 ओहम धरू. 230 भागिले 12 म्हणजे सुमारे 19 अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला हे 1.2 पट होते, आणि वर पाहिले त्याप्रमाणे एवढ्याला तोडण्याचे बंधन त्याच्यावर तासभरही नाही. तोवर फ्रिजचा पत्रा किती व्होल्टवर आहे? 19.2 गुणिले 10, म्हणजे 192 व्होल्ट. अर्थिंग केलेली आहे, एमसीबी नवा आहे, तिसरी पिन जागेवर आहे, आणि दाराची मूठ 192 व्होल्टवर आहे. सी प्रकारच्या 16 अँपिअरच्या एमसीबीने क्षणात तोडण्याची खात्री हवी असेल तर 160 अँपिअर वाहावे लागतात, म्हणजे सगळ्या फेऱ्याचा रोध 1.44 ओहमपेक्षा कमी हवा. एका पाइपाच्या खड्ड्याला, तेही मे महिन्यात माती सुकल्यावर, हे साधणे अवघड आहे. म्हणून तर खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, वर पाणी ओतायला जागा ठेवतात. आणि म्हणूनच पाणी ओतायचे विसरलेली अर्थिंग नावापुरतीच उरते. जुन्या घरांत नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थ जोडायची पद्धत होती. मधला एक तुकडा पीव्हीसीचा बसवला की ती अर्थिंग कुणालाही न कळवता संपते.

अर्थिंग चांगली आहे की नाही, हे पाहायची प्रचलित रीतही या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. फेज आणि अर्थ यांच्यात शंभराचा बल्ब लावतात. पेटला की अर्थिंग ठीक. मुलांनी हे कधीही करू नये, पण कागदावर गणित जरूर करावे. 230 व्होल्टच्या शंभर वॉटच्या बल्बचा रोध पेटल्यावर 529 ओहम असतो. अर्थिंगचा रोध 50 ओहम, म्हणजे अगदी टाकाऊ, असला तरी प्रवाह 0.4 अँपिअर येतो आणि बल्ब ऐंशीहून जास्त वॉटने पेटतो. डोळ्यांना तो फरक फारसा जाणवत नाही. बल्ब पेटला याचा अर्थ कुठेतरी जमीन भेटली, एवढाच. ती मोजायला अर्थ टेस्टर नावाचे वेगळे यंत्र लागते. याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या मागेच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देण्याची पळवाट. बल्ब झकास पेटतो. पण बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की चालू असलेल्या उपकरणांतून आलेला फेज त्याच जोडणीने फ्रिजच्या, गिझरच्या पत्र्यावर येऊन बसतो, आणि या वेळी त्या उपकरणांत काहीही बिघडलेले नसताना.

यावरचा उपाय आरसीसीबी. गावोगावचे वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. किती प्रवाह वाहतो याच्याशी त्याला देणेघेणे नसते. गेला तेवढा परत आला का, एवढेच तो पाहतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या काही दशांशांत तोडतो. आपल्या फ्रिजमध्ये 19 अँपिअरचा फरक होता, म्हणजे तार पत्र्याला टेकताक्षणी वीज गेली असती, कुणाचा हात लागायच्या आधी. अर्थिंग नसती तर? तरीही आरसीसीबीने तोडले असते, पण कुणाचा तरी हात लागल्यावर, त्याच्या शरीरातून प्रवाह गेल्यावर. अर्थिंगचे खरे मोल या दोन वाक्यांमधल्या फरकात आहे: गळती माणसाची वाट न पाहता उघडी पडते. मात्र आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे बल्बच, कारण गेलेले सगळे परत आले. जास्त भाराने तापणाऱ्या तारेकडे तो पाहतही नाही, म्हणून एमसीबी सोबत लागतोच. आणि त्याच्यावरचे ‘टी’ बटण अधूनमधून दाबून तो तोडतो की नाही हे पाहावे लागते. वर्षानुवर्षे न दाबलेल्या बटणामागे चालू यंत्रणा असेलच असे नाही.

आता हरकती. पहिली अशी, की दर बदलतात, आकडे अवघड होतात, पेपर तपासताना एक उत्तर ठरवता येत नाही. प्रश्नातच टप्पे आणि दर दिले की उत्तर एकच येते. बदलते दर ही अडचण असेल तर सपाट 6 रुपयेही कुठल्या वर्षाचे, हा प्रश्न उरतोच. दुसरी हरकत वजनदार आहे: सगळ्या मुलांच्या घरी स्वतःच्या नावाचे बिल नसते. कुणी भाड्याच्या खोलीत राहते आणि मालक सबमीटरवर ठोक दर लावतो, कुणाच्या घरी मीटरच नाही. म्हणून बिल घरून आणायला सांगू नये, हे मला मान्य आहे. एक नमुना बिल, नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून, स्वाध्यायावरच छापावे. पण सबमीटरच्या मुलाला हे गणित सर्वांत जास्त कामाचे आहे. मालक सगळ्या युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लावतो का, हे तो स्वतः काढू शकेल. तिसरी हरकत, की 15 वर्षांच्या मुलांना एमसीबीची 1.13 पट आणि 1.45 पट कशाला? पाठ करायला नकोतच. प्रश्नात द्यावीत, जशी पाण्याची विशिष्ट उष्माधारकता देता. वरच्या सगळ्या पत्रात ओहमचा नियम, एक वर्ग आणि गुणाकार-भागाकार यांपलीकडे काहीही नाही. हे सगळे त्याच धड्यात आहे. चौथी हरकत सुरक्षिततेची: मुले बोर्ड उघडतील. मला उलटी भीती वाटते. ‘अर्थिंगमुळे धक्का बसत नाही’ असे पाठ असलेले मूलच बोर्डाला निर्धास्त हात लावते. ज्याने 192 व्होल्टचा आकडा स्वतः काढला आहे ते लावणार नाही. आणि शिक्षक वायरमन नसतात, हे तर खरेच. पण फ्रिज चोवीस तास चालवून 108 युनिट काढताना आपण तरी कोणत्या घराचे शिक्षक असतो?

तेव्हा पुढच्या आवृत्तीत ते घर तसेच ठेवा, तेच पंखे, तोच फ्रिज, तोच गिझर. प्रश्न तेवढे बदला. फ्रिजसाठी तास देऊ नका, लेबलचे चित्र द्या. गिझरसाठी लिटर आणि अंश द्या. बिलासाठी टप्पे द्या आणि दोन पंखे बदलले तर किती रुपये वाचतील ते विचारा. ‘अर्थिंगचे कार्य लिहा’ काढून टाका आणि त्या जागी हे छापा: फ्रिजची फेजची तार पत्र्याला टेकली आहे, घरचा अर्थ 10 ओहम आहे, ट्रान्सफॉर्मरचा 2 ओहम, पत्रा किती व्होल्टवर आहे, 16 अँपिअरचा एमसीबी किती वेळात तोडेल, आणि तोवर दार कोण उघडेल?

आपला नम्र,
विज्ञानाचा एक वाचक